साहेबांच्या मेसेजवर अंगठा टाकावा का?

"काका, मी बी.कॉम. झाले आणि पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगच्या ऑफिसात मला पहिलीच नोकरी लागली. डिस्पॅच आणि बिलांचं काम माझ्याकडे आहे. मॅनेजर साहेब आणि नागपूरचे जीएम सर सगळं व्हॉट्सअॅपवरच सांगतात. ऑफिसातले बाकीचे लोक 👍, 🙏, 😊 सर्रास टाकतात. परवा मीही जीएम सरांच्या मेसेजवर 👍 टाकला, तर त्यांचा उलट मेसेज आला, 'म्हणजे काय?' मला फार ओशाळल्यासारखं झालं. वरिष्ठांना इमोजी पाठवावा की नाही, हे कसं ठरवायचं?"

जीएम सरांचा प्रश्न टोमणा समजू नकोस. बहुतेक त्यांना खरंच कळलं नसणार. तुझ्या अंगठ्याचे निदान तीन अर्थ निघतात. मेसेज वाचला, हा पहिला. सांगितलेलं करते, हा दुसरा. सांगितलेलं झालं, हा तिसरा. तुझ्या मनात यातला एकच होता आणि तो तुला इतका स्पष्ट होता की बाकीचे दोन तुला सुचलेच नाहीत. नागपूरला बसलेल्या माणसाला मात्र तीनही दिसतात, आणि त्याला पुढे कुणाला तरी शब्द द्यायचा असतो. त्यांनी विचारलं हे चांगलं झालं. विचारत नाहीत, स्वतःच अर्थ लावून मोकळे होतात, तेव्हा खरी पंचाईत होते.

मी आयुष्यभर जिनिंग-प्रेसिंगच्या ऑफिसांतच काम केलं. नव्या मुलामुलींना कामाला लावताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. इमोजी पाठवणं सभ्य की असभ्य, या चिंतेत ती अडकतात. वरिष्ठांना त्याची फारशी फिकीर नसते. त्यांना हवी असते माहिती. म्हणून पाठवण्याआधी एवढंच पाहायचं की इमोजी काढून टाकला तर मेसेज पूर्ण राहतो का? राहत असेल तर तो इमोजी सोबतीला आहे, चालेल. इमोजी काढल्यावर मागे काहीच उरत नसेल, तर तुझं काम तो इमोजी करतोय, आणि ते काम त्याला जमणारं नाही.

डिस्पॅचचंच उदाहरण घेऊ, कारण ते तुझ्या रोजच्या कामातलं आहे. माझ्या पाहण्यातल्या एका ऑफिसात घडलेलं सांगतो. ऑक्टोबर संपत आलेला. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास वरून मेसेज आला, "उद्या सकाळी ८ ला १०० गाठी लोड होऊन निघाल्या पाहिजेत. गाडी नंबर पाठवा." एक गाठ साधारण १७० किलोची, म्हणजे १०० गाठी सतरा टन, एका मोठ्या ट्रकचा माल. डिस्पॅचच्या मुलाने खाली 👍 टाकला. त्याच्या मनात होतं, वाचलं, आता ट्रान्सपोर्टवाल्याला विचारतो. वर बसलेल्या साहेबांनी अर्थ घेतला, गाडी ठरली. त्यांनी लगेच सूतगिरणीला फोन करून सांगितलं की माल सकाळी निघतोय.

इकडे सोयाबीनचा हंगाम जोरात होता. बाजार समित्यांकडे ट्रक लागलेले, ट्रान्सपोर्टवाल्याकडे सकाळची गाडी नव्हतीच. मुलाने रात्री दोन ठिकाणी फोन केले, नाही मिळाली, आणि सकाळी पाहू म्हणून झोपला. साहेबांनी सकाळी साडेनऊला गाडी नंबर विचारला तेव्हा सगळं उघड झालं. नंबर त्यांनी उगाच मागितला नव्हता. एवढ्या किमतीच्या मालाला ई-वे बिल लागतं, त्यात गाडीचा नंबर भरावा लागतो आणि त्याशिवाय गाडी गेटबाहेर काढता येत नाही. बोलणी बसली ती त्या मुलाला. "तू हो म्हणाला होतास" असं साहेब म्हणत होते आणि "मी हो कुठे म्हणालो" असं तो. दोघंही आपल्या जागी खरं बोलत होते. भांडायला समोर शब्दच नव्हता, होता तो एक अंगठा.

त्याच मेसेजला उत्तर कसं असायला हवं होतं, ते बघ. पहिलं उत्तर लगेच, पाच मिनिटांत: "सर, मेसेज मिळाला. ट्रान्सपोर्टला फोन केला आहे, ते रात्री ८ पर्यंत सांगतो म्हणाले. गाडी पक्की झाली की नंबर पाठवतो." यात "मिळाला" लिहिलंय, "हो" लिहिलेलं नाही, कारण अजून हो म्हणण्यासारखं काही हातात नाही. शिवाय पुढची खबर कधी मिळेल तेही सांगितलंय, म्हणजे साहेबांना आठपर्यंत पुन्हा विचारावं लागत नाही आणि सूतगिरणीलाही ते आठपर्यंत थांबवू शकतात. दुसरं उत्तर रात्री आठला: "सर, सकाळची गाडी मिळत नाही. दुपारी २ ची एक गाडी आहे. ती घेऊ, की वणीकडे विचारून पाहू?" निर्णय त्यांच्याकडे गेला, तोही वेळेत. गाडी ठरल्यावर तिसरा मेसेज, त्यात नंबर आणि ड्रायव्हरचा फोन. या तिसऱ्या मेसेजच्या शेवटी कुणाला 🙏 टाकावासा वाटला तर खुशाल टाकावा, त्याने काही बिघडत नाही आणि तो काढला तरी काही उणं होत नाही.

हीच अडचण थेट कोर्टात गेल्याचं एक प्रकरण आहे आणि आपल्या कास्तकारांना ते सहज समजेल, कारण त्यातही शेतमालाचाच सौदा होता. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात मार्च २०२१ मध्ये धान्य घेणाऱ्या एका कंपनीच्या खरेदीदाराने एका शेतकऱ्याशी जवसाबद्दल फोनवर बोलून कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि कराराला दुजोरा द्या असं लिहिलं. शेतकऱ्याने उलट 👍 पाठवला. नोव्हेंबरमध्ये माल द्यायचा होता, तोवर जवसाचा भाव बराच चढला आणि माल काही आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं असं की अंगठ्याचा अर्थ करार मिळाला एवढाच होता. कोर्टाने २०२३ मध्ये निकाल दिला की तो अंगठा म्हणजे संमती, सहीसारखीच, आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरांहून अधिक भरपाई द्यायला लावली. वरच्या कोर्टानेही तो निकाल डिसेंबर २०२४ मध्ये कायम ठेवला. तिथला निकाल आपल्याकडे लागू होत नाही. पण कोर्टाने अर्थ कसा लावला ते लक्षात घेण्यासारखं आहे. त्याच शेतकऱ्याने आधीच्या सौद्यांत "ओके", "चालेल" अशी एक-दोन शब्दांची उत्तरं दिली होती आणि दर वेळी माल पोचवला होता. त्या सवयीवरून कोर्टाने ठरवलं की या वेळचा अंगठाही तसाच. साहेब लोकही नेमकं हेच करतात. तू आजवर कोणत्या कामांवर अंगठा टाकलास आणि त्यातली किती वेळेवर झाली, यावरून ते तुझ्या पुढच्या अंगठ्याचा अर्थ लावतात.

आता उलट बाजू, कारण याकडे नवी मुलं अजिबात लक्ष देत नाहीत. तू विचारलंस आणि साहेबांनी अंगठा टाकला, तर तो काय समजायचा? समजा तू लिहिलंस, "सर, एक कास्तकार ४० क्विंटल कापूस घेऊन आला आहे, ओलावा ११ टक्के आहे, ७,४०० म्हणतो. घ्यायचा का?" आणि वरून आला फक्त 👍. पैशाच्या, भावाच्या आणि माल परत करण्याच्या बाबतीत एवढ्यावर पुढे जायचं नाही. त्यांना उलटून "म्हणजे काय सर" असं विचारायचंही नाही, ते बरं दिसत नाही. त्याऐवजी तूच शब्दांत लिहून टाक: "ठीक सर, ४० क्विंटल ७,४०० ने घेत आहोत, पावती लगेच करते." त्यांना तसं म्हणायचं नसेल तर ते तिथेच थांबवतील. म्हणायचं असेल तर तुझ्याकडे लेखी राहील की काय ठरलं, किती आणि कोणत्या भावाने. मेसेजच्या खाली चिकटवलेला इमोजी तर फारच कच्चा पुरावा आहे. टाकणारा तो केव्हाही काढू शकतो, मेसेज पुढे पाठवला तर तो सोबत जात नाही, आणि तीन महिन्यांनी हिशेबाच्या वेळी शोधायला गेलीस तर शब्द शोधून सापडतो, खालचा अंगठा सापडत नाही.

याचा अर्थ अंगठा कधीच वापरायचा नाही असा नाही. ज्या मेसेजमध्ये काही विचारलेलं नाही आणि तुला काही करायचंही नाही, तिथे तो उत्तम. "उद्या पोळ्याची सुट्टी आहे" असा मेसेज चाळीस जणांच्या ग्रुपवर आला आणि चाळीस जणांनी "ओके सर" लिहिलं, तर त्याखालची कामाची सूचना वर निघून जाते. तिथे मेसेजवर अंगठा ठेवावा, आणखी काही लिहू नये. काही साहेब स्वतःच सांगतात की वाचलं की अंगठा करा. तसं सांगितलं असेल तर त्यांना हजेरीच घ्यायची असते, तिथे सविस्तर उत्तर लिहिणं हेच चुकीचं. फक्त त्याच मेसेजमध्ये एखादं काम तुझ्या नावाने असेल, तर अंगठ्याशिवाय त्यांना वेगळा मेसेज करून ते काम कधी होईल ते कळव.

हसऱ्या चेहऱ्याबद्दल मात्र मी थोडा कडक आहे. 😊 टाकला की बोलणं गोड होतं असं तुमच्या पिढीला वाटतं आणि मित्रमैत्रिणींत ते खरंही आहे. अजून ओळख न झालेल्या वरिष्ठापुढे तसं घडत नाही. काही देशांतल्या संशोधकांनी मिळून ऑफिसच्या मेसेजांवर प्रयोग केले, त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्यांदाच लिहिणाऱ्या माणसाने कामाच्या मेसेजमध्ये हसरा चेहरा टाकला, तर वाचणाऱ्याला तो अधिक आपुलकीचा वाटला नाही, उलट कामात कमी हुशार वाटला. इतकंच नाही, अशा मेसेजला लोकांनी उत्तरंही कमी तपशिलाने दिली. प्रत्यक्ष भेटीतलं हसू उपयोगी पडतं, लिहिलेलं हसू ती जागा घेत नाही, असं त्यातून निघालं. माझा अनुभव याच्याशी जुळतो. बिलात चूक सापडली आणि मुलगी लिहिते, "सर, बिलात जीएसटी चुकला होता 😊", तेव्हा साहेबांना वाटतं हिला याचं काहीच नाही. मुलीच्या मनात बिचारीच्या संकोच असतो, तो झाकायला ती हसू टाकते. संकोच वाटला तर वाटू दे. लिहायचं एवढंच, "सर, काल पाठवलेल्या बिलात जीएसटी चुकला आहे. दुरुस्त बिल सोबत जोडलं आहे, जुनं वापरू नये."

शिवाय समोरच्याला तोच चेहरा तसाच दिसेल याची खात्री नसते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर एकच इमोजी जरा वेगळा काढलेला असतो, आणि २०१६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की त्यामुळे एकच चेहरा एकाला आनंदी आणि दुसऱ्याला त्रासलेला वाटू शकतो. आपल्याकडे तर वयाचाही फरक पडतो. 😂 हा हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा आहे, पण बारीक अक्षरं न दिसणारे साठीतले साहेब त्याला रडका समजतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फुलांचंही तसंच. आपल्या ग्रुपांवर वाढदिवसालाही 💐 येतो आणि भावपूर्ण श्रद्धांजलीलाही 💐 येतो. म्हणून साहेबांना बढती मिळाली तर नुसती फुलं पाठवू नकोस, आधी "अभिनंदन सर" लिही आणि मग हवी तर फुलं. आणि कुणाच्या घरी कुणी गेल्याचा मेसेज असेल, तर त्यावर अंगठा चुकूनही नको, तिथे शब्दच लिही आणि त्यानंतर 🙏. गंजीला आग लागली, मजुराला मार लागला, अशा मेसेजवर रडका चेहरा टाकून काही होत नाही. तू कुठे आहेस आणि काय करते आहेस ते कळव.

हात जोडलेल्या इमोजीचं काय, असं विचारशील, कारण आपल्या भागात तो सगळ्यात जास्त चालतो. वरिष्ठांशी बोलताना तो सर्वांत सुरक्षित आहे हे खरं. नमस्कार, आभार, विनंती, तिन्ही त्याच्यात येतात आणि तिन्हींपैकी कुठलाही घेतला तरी अपमान होत नाही. सुट्टीच्या अर्जाशेवटी, साहेबांनी मदत केल्यावर, सणाच्या शुभेच्छांना तो शोभतो. पण कारण सांगायच्या जागी तो वापरू नकोस. "आज यायला उशीर होईल सर 🙏🙏🙏" यात साहेबांना हवी असलेली एकही गोष्ट नाही. किती उशीर, कशामुळे, आणि सकाळची बिलं कोण करणार, हे तीन लिहिलं की एक जोडलेला हात पुरतो, आणि नसला तरी चालतो. तीन-तीन जोडले की विनवणीसारखं वाटतं, आणि रोज विनवणी करणाऱ्याच्या शब्दाला पुढे वजन राहत नाही.

आता माणसागणिक कसं ठरवायचं. तुझे मॅनेजर रोज तुझ्यासमोर बसतात, तुझा स्वभाव त्यांना कळतो, ते स्वतः अंगठा वापरत असतील तर किरकोळ बाबींत तूही वापरलास तर हरकत नाही. जीएम सर नागपूरला आहेत, तुझी त्यांना ओळख म्हणजे तुझे मेसेज. त्यांच्याकडे निदान सहा महिने शब्दांतच लिही. ते ग्रुपवर इमोजी टाकतात यावरून काही ठरवू नकोस, ग्रुपवर वरिष्ठ सगळ्यांशी बोलत असतात. तुझ्याशी एकटीशी बोलताना, हलक्या विषयावर, त्यांनी पुन्हा पुन्हा टाकला, तर तेवढ्यापुरती मोकळीक मिळाली असं समज. त्यांनी तुला कामाच्या उत्तरात 👍 टाकला म्हणजे तूही कामाच्या उत्तरात तोच टाकावा असं होत नाही. त्यांच्या अंगठ्याने त्यांचा होकार कळतो, तुझ्या अंगठ्याने कामाचं काय झालं ते कळत नाही. आणखी एक. तुझा मेसेज नेहमी तुझ्या साहेबांपाशी थांबत नाही. ते तो तसाच वर पाठवतात, कधी पार्टीला, कधी ऑडिटवाल्याला. मेसेज लिहून झाला की तो ज्यांना तू ओळखत नाहीस अशा माणसाने वाचला तर कसा दिसेल, एवढं पाहून मग पाठव.

तुझा इमोजी खटकला किंवा अपुरा पडला हे कसं ओळखायचं? साहेब सहसा तोंडावर सांगत नाहीत. तू इमोजी टाकल्यावर काही मिनिटांत त्यांचा फोन आला, तर समज की उत्तरात काहीतरी राहिलं होतं. तेच त्यांनी दुसऱ्या कुणाकडून विचारलं, म्हणजे "तिला विचार बरं गाडीचं काय झालं", तर ती त्याहून ठळक खूण. नुसतं प्रश्नचिन्ह आलं तर अजूनच. अशा वेळी माफीचा लांब मेसेज नको. राहिलेली माहिती लगेच लिही. जीएम सरांच्या "म्हणजे काय?" ला अजून उत्तर दिलं नसशील तर आजच दे, आणि त्यात कामाची आत्ताची स्थिती एवढीच असू दे.

ईमेलमध्ये इमोजी टाकूच नकोस. ईमेल फाइलला लागतो, छापला जातो, आणि जुन्या कॉम्प्युटरवर नव्या इमोजीच्या जागी नुसती रिकामी चौकट उमटते.

शेवटची गोष्ट मुलगी म्हणून तुला मुद्दाम सांगतो. व्हॉट्सअॅपवर मेसेज दाबून धरला की आधी सहा इमोजी समोर येतात. त्यात अंगठ्याला अगदी लागून लाल बदाम आहे आणि त्यानंतर 😂. एसटीत बसून, एका हाताने, घाईत अंगठा द्यायला गेलं की बोट शेजारी पडतं. रात्री दहाला साहेबांच्या मेसेजवर बदाम उमटला, तर लहान गावात त्याची चर्चा ऑफिसबाहेरही जाते, आणि त्रास मुलीलाच होतो. म्हणून वरिष्ठांच्या वैयक्तिक मेसेजवर ती सहांची पट्टी उघडूच नकोस, दोन शब्द लिही, "मिळालं सर". तरी चुकून पडलाच तर लगेच त्यावर बोट ठेवून काढ आणि खाली लिही, "चुकून दाबलं गेलं सर. मेसेज वाचला, गाडी नंबर ९ पर्यंत पाठवते." दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो विषय तू स्वतःहून काढायची गरज नाही.